शॉर्ट आणि ओपन: दोन चाचण्यांतून हायब्रिड पॅरामीटर

टू-पोर्ट म्हणजे चार टोके बाहेर आलेले विद्युत मंडल. त्यांपैकी दोन टोकांची एक जोडी इनपुट पोर्ट आणि उरलेल्या दोनची जोडी आउटपुट पोर्ट. आत रोधांचे साधे जाळे असेल, ट्रान्सफॉर्मर असेल किंवा एखादा ट्रान्झिस्टर असेल. बाहेरून मात्र चारच राशी मोजता येतात: इनपुटचे व्होल्टेज V1 व प्रवाह I1, आउटपुटचे व्होल्टेज V2 व प्रवाह I2. मंडल रेषीय असेल, म्हणजे कारण दुप्पट केले की परिणामही दुप्पट होत असेल, आणि आत स्वतंत्र बॅटरी किंवा जनरेटर नसेल, तर या चारांपैकी कोणत्या तरी दोन राशी सांगितल्या की उरलेल्या दोन ठरतात. त्यासाठी सामान्यतः चार स्थिरांक पुरतात. चारांतून दोन निवडण्याचे सहा मार्ग आहेत, म्हणून पॅरामीटरचेही सहा संच आहेत. त्यांतला हायब्रिड संच इनपुटचा प्रवाह आणि आउटपुटचे व्होल्टेज स्वतंत्र मानतो:

V1 = h11·I1 + h12·V2
I2 = h21·I1 + h22·V2

चारही स्थिरांकांची जात वेगळी आहे, आणि ‘हायब्रिड’ म्हणजे संमिश्र हे नाव त्यावरूनच पडले. h11 हा इम्पीडन्स, त्याचे एकक ओहम. h22 हा त्याच्या उलट, अ‍ॅडमिटन्स, त्याचे एकक सीमेन्स. h12 हे दोन व्होल्टेजचे गुणोत्तर आणि h21 हे दोन प्रवाहांचे गुणोत्तर, म्हणून त्या दोघांना एकक नाही. h12 सांगतो, आउटपुटच्या व्होल्टेजचा किती अंश मागे इनपुटला जाणवतो. h21 सांगतो, इनपुटच्या प्रवाहाचा आउटपुटला किती पट प्रवाह होतो. हे नाव डी. ए. अल्सबर्ग यांनी १९५३ मध्ये ट्रान्झिस्टरच्या मापनावर लिहिताना रूढ केले, आणि पुढे h हे अक्षर ट्रान्झिस्टरच्या माहितीपत्रकांत कायमचे बसले.

पुढे जाण्याआधी प्रवाहांच्या दिशेचा संकेत पक्का करणे भाग आहे. I1 आणि I2 दोन्ही पेटीच्या आत जाणारे धन मानले जातात. आउटपुटला भार जोडला तर प्रवाह बहुधा पेटीतून बाहेर पडतो, म्हणून रोधांच्या जाळ्यात I2 ऋण निघतो. मीटरवरचा आकडा मात्र बहुतेक जण चिन्हाविना टिपतात, आणि हायब्रिड पॅरामीटरच्या गणितात सर्वांत जास्त चुका या एका ऋण चिन्हातून होतात.

समीकरणांकडे नीट पाहिले की चाचण्या आपोआप सुचतात. V2 शून्य केले तर दोन्ही समीकरणांतले दुसरे पद नाहीसे होते आणि h11 = V1/I1, h21 = I2/I1 एवढेच उरते. V2 शून्य करणे म्हणजे आउटपुट शॉर्ट करणे. I1 शून्य केला तर पहिले पद जाते आणि h12 = V1/V2, h22 = I2/V2 मिळते. I1 शून्य करणे म्हणजे इनपुट उघडे ठेवणे. म्हणून शॉर्ट-सर्किट चाचणीत आउटपुट शॉर्ट असते आणि संकेत इनपुटकडून दिला जातो, तर ओपन-सर्किट चाचणीत इनपुट उघडे असते आणि संकेत आउटपुटकडून दिला जातो. दोन्ही चाचण्यांत एकच टोक हाताळायचे असते अशी समजूत अनेक विद्यार्थ्यांची असते. तसे केले तर वेगळे पॅरामीटर मिळतात, किंवा वेगळे गणित करावे लागते. तेही पुढे येईलच.

आधी असे उदाहरण घ्यावे, ज्याचे उत्तर दुसऱ्या मार्गाने तपासता येईल. पेटीत तीन रोध इंग्रजी T आकारात जोडले आहेत: इनपुटच्या वरच्या टोकापासून मधल्या बिंदूपर्यंत १०० ओहम, तिथून आउटपुटच्या वरच्या टोकापर्यंत २०० ओहम, आणि मधल्या बिंदूपासून खालच्या समाईक तारेपर्यंत ३०० ओहम. मोजणाऱ्याला यातले काही माहीत नाही असे समजावे.

आउटपुट शॉर्ट करून इनपुटला १० मिलिअँपिअर प्रवाह दिला. इनपुटवर २.२ व्होल्ट मिळाले आणि शॉर्टच्या तारेतून ६ मिलिअँपिअर बाहेर पडताना दिसले. म्हणून h11 = २२० ओहम. प्रवाह बाहेर पडत असल्यामुळे I2 हा उणे ६ मिलिअँपिअर, आणि h21 = -०.६. मग शॉर्ट काढून इनपुट मोकळे सोडले आणि आउटपुटवर ५ व्होल्ट दिले. आउटपुटमधून १० मिलिअँपिअर आत गेले आणि उघड्या इनपुटवर ३ व्होल्ट दिसले. म्हणून h12 = ०.६ आणि h22 = ०.००२ सीमेन्स. दोन चाचण्या, प्रत्येकी दोन रीडिंग, आणि चारही स्थिरांक हाती आले.

इथे h12 आणि h21 यांचे मूल्य सारखे आणि चिन्ह विरुद्ध निघाले, हा योगायोग नव्हे. रोध, कॉइल, कपॅसिटर, साधा ट्रान्सफॉर्मर अशा घटकांनी बनलेले जाळे व्युत्क्रमी असते, आणि त्यात h12 = -h21 असावेच लागते. त्यामुळे अशा पेटीसाठी चौथे रीडिंग ही नवी माहिती राहत नाही, ते आधीच्या रीडिंगांची परीक्षा होते. प्रयोगशाळेत ही परीक्षा फार कामाला येते. समजा, शॉर्टच्या तारेऐवजी थेट अ‍ॅमीटर लावला आणि त्या श्रेणीत मीटरचा स्वतःचा रोध १० ओहम आहे. आता आउटपुट खरोखर शॉर्ट नाही, तिथे १० ओहमचा भार आहे. त्याच १० मिलिअँपिअरला इनपुटवर सुमारे २.२३५ व्होल्ट येतील आणि मीटर ६ ऐवजी ५.८८ मिलिअँपिअर दाखवेल. h11 साधारण २२३.५ ओहम आणि h21 = -०.५८८ असे निघेल. एकेका आकड्याकडे पाहून काही चुकले आहे असे वाटणार नाही. पण h12 शी ताडून पाहिले की ०.६ आणि ०.५८८ मधली फट उघडी पडते. उपाय सोपा आहे: मीटरऐवजी १ ओहमचा अचूक रोध लावावा आणि त्यावरचे मिलिव्होल्ट मोजावेत.

आता इनपुट इम्पीडन्स. आउटपुटला ZL एवढा भार जोडला, तर त्यातून वाहणारा प्रवाह पेटीबाहेर जातो, म्हणून V2 = -I2·ZL. हे दुसऱ्या समीकरणात घातले की I2 मिळतो:

I2 = h21·I1 / (1 + h22·ZL)

यावरून V2 काढून तो पहिल्या समीकरणात घातला आणि सगळ्याला I1 ने भागले की

Zin = h11 - (h12·h21·ZL) / (1 + h22·ZL)

या सूत्रात पहिले पद शॉर्ट-सर्किट चाचणीतून आलेले आहे, तर दुसरे पद म्हणजे भाराने त्यात केलेली दुरुस्ती. भार शून्य असेल तर दुरुस्तीही शून्य आणि Zin म्हणजे नुसता h11. भार अनंत, म्हणजे आउटपुट उघडे असेल, तर दुरुस्ती h12·h21/h22 एवढी होते. भार निव्वळ रोधाचा असेल आणि पॅरामीटरही वास्तव संख्या असतील, तर इनपुट इम्पीडन्स या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी सापडतो. म्हणून उत्तर काढण्याआधी ही दोन टोके लिहून ठेवणे शहाणपणाचे.

वरच्या पेटीला ४०० ओहमचा भार जोडला तर:

Zin = 220 - (0.6 × (-0.6) × 400) / (1 + 0.002 × 400)
    = 220 + 144 / 1.8 = 300 Ω

पेटी उघडून तपासले तरी हेच येते: २०० आणि ४०० मिळून ६००, ते ३०० ला समांतर म्हणजे २००, त्यात १०० मिळवून ३०० ओहम. आउटपुट उघडे असताना सूत्र २२० + ०.३६/०.००२ म्हणजे ४०० ओहम देते, आणि १०० अधिक ३०० हेही ४००च. h21 चे ऋण चिन्ह विसरले असते तर उत्तर १४० ओहम आले असते. ते चुकीचे आहे हे पेटी न उघडताही कळते, कारण शॉर्टच्या जागी रोध आणल्याने रोधांच्याच जाळ्याचा इनपुट रोध घटणे अशक्य आहे. त्याला २२० ओहमच्या खाली जाता येत नाही.

संकेत एकाच बाजूने देता येत असेल तरी वाट बंद होत नाही. आउटपुट उघडे ठेवून इनपुटला १० मिलिअँपिअर दिले, तर या पेटीत V1 = ४ व्होल्ट आणि V2 = ३ व्होल्ट येतात. I2 शून्य असल्याने दुसरे समीकरण h22 = -h21·I1/V2 असे होते, आणि ०.००६ भागिले ३ म्हणजे ०.००२ सीमेन्स मिळतात. पहिल्या समीकरणातून h12 = (V1 - h11·I1)/V2, म्हणजे (४ - २.२)/३ = ०.६. उत्तरे तीच आहेत. मात्र इथे h12 एका वजाबाकीतून येतो. वजा होणाऱ्या संख्या एकमेकींच्या जवळ असल्या तर मीटरची छोटी चूक मोठी होऊन बाहेर पडते. म्हणून इनपुट उघडे ठेवून घेतलेले थेट रीडिंग नेहमीच जास्त भरवशाचे.

रोधांच्या जाळ्याला कोणताही पॅरामीटर संच चालतो. हायब्रिड संचाचे खरे घर म्हणजे ट्रान्झिस्टर. बाजारात सहज मिळणारा आणि कॉलेजच्या प्रयोगशाळांत नेहमी वापरला जाणारा BC547B घेऊ. एमिटर समाईक, बेस हे इनपुट आणि कलेक्टर हे आउटपुट. ५ व्होल्ट कलेक्टर व्होल्टेज, २ मिलिअँपिअर कलेक्टर प्रवाह आणि १ किलोहर्ट्झ वारंवारता असताना त्याची माहितीपत्रकातली ठरावीक मूल्ये अशी आहेत: h11, ज्याला इथे hie म्हणतात, ४.५ किलोओहम, h12 म्हणजे hre ०.०००२, h21 म्हणजे hfe ३३०, आणि h22 म्हणजे hoe ३० मायक्रोसीमेन्स. मल्टिमीटरवर ट्रान्झिस्टर तपासायची जी खाच असते तिच्यावर hFE लिहिलेले असते. ते डीसी प्रवाहांचे गुणोत्तर आहे. hfe हे लहान एसी संकेताचे गुणोत्तर आहे. दोन्ही जवळपास असतात, पण एक दुसऱ्याच्या जागी बिनदिक्कत वापरता येत नाही.

या आकड्यांत एक महत्त्वाची गोष्ट दिसते. बेसकडून साडेचार किलोओहम दिसतात, तर कलेक्टरकडून १/hoe म्हणजे सुमारे ३३ किलोओहम. कमी इम्पीडन्सचे टोक ‘उघडे’ ठेवणे सोपे असते आणि जास्त इम्पीडन्सचे टोक ‘शॉर्ट’ करणे सोपे असते. हायब्रिड चाचण्यांना नेमके हेच हवे असते. ट्रान्झिस्टर चालू राहण्यासाठी डीसी प्रवाह तर द्यावाच लागतो, त्यामुळे शॉर्ट आणि ओपन दोन्ही फक्त एसी संकेतापुरते असतात. पुरवठ्याचे व्होल्टेज स्थिर असते, म्हणून समांतर मोठा कपॅसिटर असलेला पुरवठा एसीच्या दृष्टीने जमिनीसारखाच. कलेक्टर ५.२ व्होल्टच्या पुरवठ्याला १०० ओहममधून जोडला की शॉर्ट तयार झाला, कारण ३३ किलोओहमपुढे १०० ओहम नगण्य आहे. शिवाय त्याच रोधावर कलेक्टरचा प्रवाह मोजता येतो. बेसला ७ मायक्रोअँपिअरच्या आसपास डीसी प्रवाह लागतो. तो साधारण ६५० किलोओहमच्या रोधातून येतो, आणि साडेचार किलोओहमपुढे ६५० किलोओहम म्हणजे जवळजवळ उघडे टोक. हा रोध बदलता ठेवून १०० ओहमवर २०० मिलिव्होल्ट डीसी येईपर्यंत फिरवला की २ मिलिअँपिअरचा कार्यबिंदू बसला.

शॉर्ट-सर्किट चाचणीत जनरेटरचा ०.५ व्होल्ट, १ किलोहर्ट्झचा संकेत १ मेगओहम आणि कपॅसिटर यांतून बेसला दिला की ०.५ मायक्रोअँपिअर एसी प्रवाह आत जातो. बेसवर २.२५ मिलिव्होल्ट आणि १०० ओहमवर १६.५ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. पहिल्यावरून hie ४.५ किलोओहम, दुसऱ्यावरून कलेक्टर प्रवाह १६५ मायक्रोअँपिअर, म्हणजे hfe ३३०. कलेक्टरमध्ये आत जाणारा प्रवाह वाढतो, म्हणून इथे h21 धन आहे. संकेत मुद्दाम इतका लहान ठेवलेला असतो. बेस-एमिटर जंक्शनचे व्होल्टेज खोलीच्या तापमानाला २६ मिलिव्होल्टच्या मापाने बदलले की प्रवाह रेषीय राहत नाही, आणि पॅरामीटर या कल्पनेलाच आधार उरत नाही. संकेत अर्धा करून पाहावा. गुणोत्तर तेच राहिले तर आकडा खरा.

ओपन-सर्किट चाचणी खरी कसोटी पाहते. कलेक्टरला लागून १ किलोओहमचा रोध ठेवून त्याच्या पलीकडच्या टोकाकडून डीसी पुरवठा आणि एसी संकेत दोन्ही देतात, म्हणजे त्या रोधातून फक्त कलेक्टरचाच प्रवाह जातो. डीसी पुरवठा या टोकाला थेट जोडून चालत नाही, तो संकेतच शॉर्ट करेल. मध्ये काही किलोओहमचा रोध हवा. पुरवठ्याचे व्होल्टेज वाढवून आणि बेसचा रोध पुन्हा जुळवून कलेक्टरवर तेच ५ व्होल्ट आणि २ मिलिअँपिअर राखायचे. कलेक्टरवर १ व्होल्ट एसी असताना या १ किलोओहमवर ३० मिलिव्होल्ट येतात, म्हणजे ३० मायक्रोअँपिअर; हा hoe. बेसवर मात्र फक्त ०.२ मिलिव्होल्ट येतात. एवढ्या लहान संकेतात घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर सहज मिसळते, आणि त्याहून फसवी गोष्ट म्हणजे कलेक्टर आणि बेस यांच्यातली धारिता. ट्रान्झिस्टरची स्वतःची आणि ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांची मिळून ४ पिकोफॅरड धरली, तर १ किलोहर्ट्झला त्यातून सुमारे २५ नॅनोअँपिअर बेसकडे जातात आणि साडेचार किलोओहमवर त्याचे ०.११ मिलिव्होल्ट होतात. ते खऱ्या ०.२ शी काटकोनात मिसळून मीटरवर ०.२३ दिसतात. hre एकदम १५ टक्के मोठा निघतो. ओळखण्याची खूण वारंवारतेत आहे: ३०० हर्ट्झला रीडिंग ०.२ च्या जवळ आले आणि ३ किलोहर्ट्झला वाढले, तर तो वाढीव भाग धारितेचा.

आता याच ट्रान्झिस्टरला १५ व्होल्टचा पुरवठा आणि कलेक्टरमध्ये ५ किलोओहमचा भार. २ मिलिअँपिअरला भारावर १० व्होल्ट पडतात आणि कलेक्टरवर ५ उरतात, म्हणजे कार्यबिंदू तोच राहतो. हा मेळ साधला नाही तर मोजलेले पॅरामीटर इथे लागू होत नाहीत, कारण कलेक्टर प्रवाह दुप्पट केला की hie जवळजवळ निम्मा होतो. सूत्रात आकडे घालून:

Zin = 4500 - (0.0002 × 330 × 5000) / (1 + 0.00003 × 5000)
    = 4500 - 330 / 1.15 ≈ 4213 Ω

T जाळ्यात दुरुस्तीने इम्पीडन्स वाढला होता, इथे तो घटला. सूत्र तेच आहे, फक्त h12 आणि h21 यांचा गुणाकार इथे धन आहे. कलेक्टरचे व्होल्टेज बेसच्या उलट दिशेने हलते आणि hre मार्फत बेसला किंचित खाली ओढते, म्हणून त्याच बेस व्होल्टेजला थोडा जास्त प्रवाह लागतो. भार अनंत मानला तर घट ०.०६६/०.००००३ म्हणजे २२०० ओहम होते आणि इम्पीडन्स २३०० ओहमपर्यंत उतरतो. ४५०० आणि २३०० ही दोन टोके; ४२१३ त्यांच्या आतच आहे.

सहा टक्क्यांच्या या दुरुस्तीसाठी hre एवढ्या कष्टाने मोजावा का, हा रास्त प्रश्न आहे. BC547B च्या hie ची माहितीपत्रकातली मर्यादाच ३.२ ते ८.५ किलोओहम आहे. हाती कोणता नग येईल ते ठाऊक नसताना सहा टक्क्यांचा विचार करण्यात अर्थ नाही, आणि अनुभवी अभियंते लहान भारासाठी hre सोडून Zin म्हणजे hie एवढेच धरतात ते योग्यच आहे. एकच विशिष्ट नग तपासायचा असेल किंवा भार दहा-वीस किलोओहमच्या घरात गेला असेल, तेव्हा मात्र पूर्ण सूत्र लागते.

उत्तर पडताळण्याची सोपी रीत म्हणजे जनरेटर आणि बेस यांच्यामध्ये, कपॅसिटरसह, बदलता रोध घालणे आणि बेसवरचा संकेत जनरेटरच्या निम्मा होईपर्यंत तो वाढवत नेणे. त्या क्षणीचा रोध, त्यात जनरेटरचा स्वतःचा रोध मिळवून, म्हणजे इनपुट इम्पीडन्स. इथे तो ४.२ किलोओहमच्या आसपास यावा. जनरेटरचा संकेत तीन-चार मिलिव्होल्टच ठेवावा, कारण बेसपासून कलेक्टरपर्यंत व्होल्टेज सुमारे ३४० पट होते. ही पडताळणी १ किलोहर्ट्झलाच करावी. बेस-कलेक्टरमधले तेच ४ पिकोफॅरड या प्रवर्धनामुळे बेसला सुमारे १३६० पिकोफॅरडसारखे भासतात. १ किलोहर्ट्झला त्यांचा रोधक परिणाम ११७ किलोओहम असतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. २८ किलोहर्ट्झच्या आसपास तो ४.२ किलोओहमवर येतो, आणि तिथे बेसचा इनपुट इम्पीडन्स १ किलोहर्ट्झला मोजलेल्या मूल्याच्या सुमारे ७० टक्केच उरतो. सूत्र तिथेही बरोबरच असते, पण त्यात घालायचे h आता साध्या संख्या नसून कला-कोनासह मोजाव्या लागणाऱ्या संमिश्र संख्या असतात, आणि दोन्ही चाचण्या त्याच वारंवारतेला पुन्हा कराव्या लागतात.